लोड लागताच व्होल्टेज का पडते: चार सेलांचा अंतर्गत रोध मोजल्याच्या नोंदी

४ जानेवारी

गाडीची अडचण अशी आहे. चार डबल-ए अल्कलाइन सेल, एक डीसी मोटार आणि एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, सगळे एकाच बॅटरीवर चालते. मोटार बंद असताना बोर्ड तासन्‌तास नीट चालतो. प्रोग्रॅमने मोटार सुरू केली की त्याच क्षणी बोर्ड रीसेट होतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते.

बॅटरीच्या टोकांना मल्टीमीटर लावला तर ६.०० व्होल्ट दिसतात. मोटार हाताने फिरवून दिली, म्हणजे सुरुवातीचा झटका टळला, तर रीसेट होत नाही आणि धावत्या मोटारीवर मीटर ५.३ च्या आसपास दाखवतो. बोर्ड ४.३ व्होल्टच्या खाली गेल्यावर रीसेट व्हावा असे त्यात ठरवलेले आहे. त्यामुळे मीटरच्या आकड्यांवर विसंबले तर रीसेटला काही कारणच दिसत नाही.

मीटरची पाटी सेकंदाला दोन-तीनदाच बदलते. मोटार सुरू होतानाची व्होल्टेजची बुडी त्याच्या आत येऊन जाते. ती पकडायला ऑसिलोस्कोप हवा, तो माझ्याकडे नाही. पण बॅटरीचा अंतर्गत रोध कळला तर बुडी किती खोल असेल ते कागदावरही काढता येईल, म्हणून आता त्याच वाटेने जायचे ठरवले.

बॅटरीच्या टोकांना १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहिला. काही फरक पडला नाही. हिशोब केल्यावर कारण कळले: तेवढ्या कपॅसिटरमधून एक अँपिअर काढला तर त्याचे व्होल्टेज दर मिलिसेकंदाला एक व्होल्टने उतरते. मोटारीला वेग घ्यायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

५ जानेवारी

मोजायला बसण्याआधी, नेमके काय मोजायचे आहे ते लिहून ठेवतो.

सेलमधली रासायनिक क्रिया जे व्होल्टेज तयार करते ते E, म्हणजे विद्युतचालक बल. पण करंट टोकापर्यंत पोचायचा तर त्याला सेलच्या आतूनच यावे लागते: इलेक्ट्रोलाइटमधून, मधल्या कागदी पडद्यातून, इलेक्ट्रोडच्या भुकटीतून, धातूच्या डबीपर्यंत. या प्रत्येक टप्प्यात थोडा रोध आहे. सगळ्यांचा मिळून r. करंट I वाहतो तेव्हा I × r एवढे व्होल्टेज आतच खर्च होते, त्याची उष्णता होते, आणि बाहेरच्या टोकांवर उरते ते एवढे:

```
V = E - I*r
```

मल्टीमीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओहमच्या घरात असतो. त्यातून जाणारा करंट इतका क्षुल्लक की I × r शून्यच धरावा. म्हणून लोड नसताना मीटर E दाखवतो, आणि r कितीही वाढला असला तरी त्याचा पत्ता लागत नाही. माझे ६.०० व्होल्ट खरेच होते, पण त्यांनी r बद्दल काहीच सांगितले नव्हते.

या समीकरणात E आणि r ही दोन अज्ञाते आहेत. म्हणून दोन रीडिंगे लागतात, दोन वेगवेगळ्या करंटवर. त्यांची वजाबाकी केली की E निघून जातो:

```
r = (V1 - V2) / (I2 - I1)
```

पहिले रीडिंग लोडशिवायचे घेतले तर I1 शून्य आणि V1 म्हणजेच E. एवढेच गणित आहे. पुढच्या सगळ्या नोंदी वरची V1 − V2 ही वजाबाकी विश्वासाने कशी मिळवायची याबद्दल आहेत, कारण दोन जवळजवळ सारख्या आकड्यांचा फरक काढायचा असतो आणि बारीकशी चूकही तिथे मोठी होते.

६ जानेवारी

लोड कोणता घ्यायचा? टॉर्चचा जुना बल्ब हाताशी होता, पण त्याच्या तारेचा रोध थंड असताना आणि तापल्यावर कित्येक पटींनी वेगळा असतो. त्यामुळे रोधावरून करंट काढता येत नाही. बल्ब बाजूला ठेवला आणि ३.३ ओहमचा, ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घेतला, पांढऱ्या सिमेंटच्या ठोकळ्यातला. दीड व्होल्टवर त्यात पाऊण वॉटच्या आत उष्णता होते, तो कोमट होतो पण रोध फारसा बदलत नाही. पाव वॉटचा नेहमीचा रेझिस्टर इथे काळवंडेल.

करंट मोजायला मीटर सिरीजमध्ये लावलेला नाही. अँपिअरच्या रेंजवर मीटरचा आतला शंट, फ्यूज आणि प्रोबच्या तारा मिळून ओहमचा काही दशांश भाग सर्किटमध्ये शिरतो. तो आपण शोधत असलेल्या r एवढाच मोठा असू शकतो. त्यापेक्षा रेझिस्टरच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजून त्याला रोधाने भागावे. आणि अँपिअरच्या रेंजवरचा मीटर सरळ सेलच्या दोन टोकांना कधीच लावू नये. तो शॉर्ट सर्किट होतो. लिथियम सेलवर असे केले तर आग लागू शकते.

रेझिस्टर खरेच ३.३ ओहमचा आहे का ते पाहिले. मीटरवर ३.५ आले. प्रोब एकमेकांना टेकवले तर ०.२. म्हणजे तारांचा ०.२ वजा करून ३.३ बरोबर.

एका सेलच्या होल्डरमध्ये पहिला सेल बसवला. लोडशिवाय १.५१२ व्होल्ट. क्लिपांनी रेझिस्टर जोडला, दोन सेकंद थांबून रेझिस्टरच्या टोकांवर मोजले: १.३३७ व्होल्ट. करंट १.३३७ ÷ ३.३ = ०.४०५ अँपिअर. फरक ०.१७५ व्होल्ट. r = ०.१७५ ÷ ०.४०५ = ०.४३ ओहम.

चांगल्या अवस्थेतल्या अल्कलाइन डबल-ए सेलचा अंतर्गत रोध खोलीच्या तापमानाला साधारण ०.१५ ते ०.३ ओहम असतो. हे सेल थोडे वापरलेले आहेत, तरी ०.४३ जास्तच वाटतो. शिवाय सेल होल्डरमध्ये बोटाने जरा फिरवला की आकडा वीसेक मिलिव्होल्टने हलतो. सेलच्या आतले रसायन बोटाने फिरवल्याने बदलत नाही, तेव्हा या आकड्यात दुसरे काहीतरी मिसळलेले आहे.

७ जानेवारी

मिसळलेले काय होते ते सापडले. करंट वाहत असताना होल्डरची स्प्रिंग, तिची बारीक तार आणि क्लिपांचे दात या प्रत्येकावर थोडे थोडे व्होल्टेज पडत होते. मी मोजत होतो रेझिस्टरच्या टोकांवर, म्हणजे हे सगळे ओलांडल्यानंतर.

जोडणी तशीच ठेवली, फक्त मीटरचे प्रोब उचलून थेट सेलच्या धातूवर टेकवले: एक वरच्या बोंडावर, एक खालच्या पत्र्यावर, स्प्रिंगला न लागता. करंट तोच, ०.४०५. पण सेलवरचे व्होल्टेज आता १.३८९.

१.५१२ − १.३८९ = ०.१२३ व्होल्ट. r = ०.१२३ ÷ ०.४०५ = ०.३० ओहम.

आणि १.३८९ ते १.३३७ हा ०.०५२ व्होल्टचा फरक होल्डर-क्लिपांचा आहे. त्यांचा रोध ०.१३ ओहम निघतो. आधीच्या आकड्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा सेलचा नव्हताच. आता सेल फिरवला तर रेझिस्टरवरचा आकडा अजूनही हलतो, पण करंटही त्याच प्रमाणात बदलतो आणि r जागचा हलत नाही.

तेव्हा हे करून पाहणाऱ्याने दोन जोड्या वेगळ्या ठेवाव्यात. करंट नेणाऱ्या तारा एका जागी जोडलेल्या, आणि व्होल्टेज पाहणारे प्रोब दुसऱ्या जागी, सेलच्या अंगावर. प्रोबमधून करंट जवळपास वाहतच नसल्यामुळे त्यांचा स्पर्श थोडा खराब असला तरी आकडा बिघडत नाही.

मीटरच्या रेंजबद्दलही लिहून ठेवतो. २० व्होल्टच्या रेंजवर माझा मीटर १.५१ आणि १.३९ एवढेच दाखवतो. दोन्हींत शेवटचा आकडा एकाने इकडेतिकडे धरला तर फरक ०.१० ते ०.१४ मध्ये कुठेही असू शकतो, म्हणजे r ०.२५ ते ०.३५. २ व्होल्टच्या रेंजवर एक मिलिव्होल्ट दिसतो आणि ही शंका दहापट कमी होते. दोन्ही रीडिंगे एकाच रेंजवर घ्यावीत. मीटर एखाद्या टक्क्याने चढा किंवा उतरता दाखवत असला तरी V1, V2 आणि रेझिस्टरवरचे व्होल्टेज तिन्ही त्याच प्रमाणात चुकतात, आणि भागाकारात ती चूक निघून जाते.

लोड फार हलकाही चालत नाही. १०० ओहमचा रेझिस्टर लावून पाहिला तर फरक चार-पाच मिलिव्होल्टचा पडला. त्यात एक मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाला की उत्तरात वीस-पंचवीस टक्क्यांची तफावत. फरक निदान शंभर मिलिव्होल्टच्या आसपास यावा असा लोड निवडावा.

९ जानेवारी

आजचा प्रश्न: लोड लावल्यावर नेमके कधी वाचायचे? आकडा स्थिर राहतच नाही.

३.३ ओहम जोडल्यावर दोन सेकंदांनी १.३८९ होते. मिनिटभराने सेलवर १.३५२, करंट ०.३९४. अजूनही हळूहळू उतरतच होते. सुरुवातीच्या १.५१२ मधून हे वजा केले तर ०.१६० ÷ ०.३९४ = ०.४१ ओहम. तोच सेल, तीच जोडणी, प्रोबही सेलवरच, आणि उत्तर ०.३० वरून ०.४१ वर.

मग लोड काढला आणि पाटीकडे पाहत राहिलो. पहिलाच स्थिर आकडा १.४७०. तिथून पुढे सरकत सरकत पाच मिनिटांनी १.५००. इथे दोन वेगळ्या गोष्टी चालल्या आहेत हे स्पष्ट दिसते. करंट थांबताच जी उडी आली ती शुद्ध रोधाची: ०.११८ ÷ ०.३९४ = ०.३० ओहम. नंतरची संथ चढण वेगळ्या कारणाची. करंट वाहताना इलेक्ट्रोडच्या अगदी लगतचे आयन खर्च होतात, आणि त्यांच्या जागी नवे आयन सरकत येतात ते क्रियेच्या वेगापेक्षा सावकाश. त्यामुळे तिथले प्रत्यक्ष E च तात्पुरते खाली येते. लोड काढल्यावर ही उणीव भरून यायला काही मिनिटे जातात.

म्हणून मिनिटभराने घेतलेल्या रीडिंगमधून सुरुवातीचे विश्रांतीतले व्होल्टेज वजा केले, तर r मध्ये ही घसरणही मोजली जाते. तो आकडा निरर्थक नाही. टॉर्चसारखा मिनिटेच्या मिनिटे चालणारा लोड असेल तर तुम्हाला तोच हवा. पण माझी बुडी सेकंदाच्या काही भागातली आहे, मला तातडीचा r हवा.

विश्रांतीतले रीडिंग टाळून दोन्ही रीडिंगे लोडवरच घेता येतात, तेही केले. आधी १० ओहम, दोन सेकंदांनी वाचन. लगेच तो काढून ३.३ ओहम, पुन्हा दोन सेकंद.

१० ओहमवर सेल १.४६१, रेझिस्टर १.४४३, करंट ०.१४४.
३.३ ओहमवर सेल १.३८१, रेझिस्टर १.३२९, करंट ०.४०३.

```
r = (1.461 - 1.381) / (0.403 - 0.144)
  = 0.080 / 0.259
  = 0.31 ohm
```

यातून E परत काढला तर १.४६१ + ०.१४४ × ०.३१ = १.५०६ व्होल्ट येतो, मोकळ्या मोजणीच्या १.५१२ पेक्षा किंचित कमी. हे अपेक्षितच, कारण काम करत असलेल्या सेलचा E विश्रांतीतल्या सेलपेक्षा थोडा खाली असतो. मला ही पद्धत जास्त पटते. सेल आधी किती वेळ स्वस्थ होता यावर उत्तर अवलंबून राहत नाही. फक्त दोन रीडिंगांमधले अंतर काही सेकंदांचेच हवे, आणि दोन करंट एकमेकांपासून पुरेसे दूर हवेत.

एक मर्यादा मात्र आहे. हे सूत्र V आणि I यांची रेषा सरळ धरते. ती दोन करंटांच्या दरम्यान बऱ्यापैकी सरळ असते, त्याबाहेर फार दूर ओढू नये. बाजारातले रोध-मीटर बहुधा हजार हर्ट्‌झच्या उलटसुलट करंटवर मोजतात. त्यात संथ घसरणीला वावच मिळत नाही, म्हणून त्यांचा आकडा आपल्यापेक्षा कमी येतो. दोन्ही बरोबर असू शकतात.

११ जानेवारी

आता चारही सेल, प्रत्येक वेगळा, दोन सेकंदांच्या रीडिंगवर. पहिला: १.५१२ व्होल्ट, ०.३० ओहम. दुसरा: १.५०८, ०.३१. तिसरा: १.५१०, ०.२९.

चौथा: मोकळा १.४७० व्होल्ट. यावरून संशय यावा असे काही नाही. ३.३ ओहम लावला तर सेलवर १.१२५, करंट ०.३२८. r = ०.३४५ ÷ ०.३२८ = १.०५ ओहम.

मोकळ्या व्होल्टेजमध्ये बाकीच्यांपेक्षा तीनच टक्क्यांनी कमी, आणि रोधात साडेतीन पट. हा सेल इतरांपेक्षा जुना, त्याच्यावर छापलेली मुदतही उलटून गेलेली. सेल जुना झाला वा वापरला गेला की जस्ताच्या कणांवर ऑक्साइड साठते, मँगनीज डायऑक्साइडच्या भुकटीतून करंट जायला अडचण वाढते, आणि r चढतो. E मात्र बराच काळ फारसा हलत नाही.

आता बुडीचा हिशोब करता येतो. सुरू होण्याच्या क्षणी मोटार फिरत नसते, त्यामुळे तिच्यात उलटे विद्युतचालक बल नसते. ती फक्त तिच्या वेटोळ्याच्या रोधाएवढी असते. मीटरने तो ३.८ ओहम आला (शाफ्ट वेगवेगळ्या जागी फिरवून, कारण ब्रशच्या स्पर्शाने आकडा बदलतो, तारांचा ०.२ वजा करून). मोटार जोडणाऱ्या मॉस्फेटचा रोध यापुढे नगण्य आहे. गाडीतल्या चार सेलांच्या होल्डरचा आणि तारांचा रोध ७ जानेवारीच्या पद्धतीने ०.२५ ओहम.

सेलांचा मिळून ०.३० + ०.३१ + ०.२९ + १.०५ = १.९५. होल्डर धरून २.२० ओहम. E = ६.०० व्होल्ट.

करंट = ६.०० ÷ (३.८ + २.२) = १.० अँपिअर. बोर्डाला मिळणारे व्होल्टेज = १.० × ३.८ = ३.८ व्होल्ट.

मर्यादा ४.३ ची. रीसेट का होतो याचे उत्तर मिळाले. आणि धावताना मोटार ०.३ अँपिअर घेते, त्यावर ६.०० − ०.३ × २.२ = ५.३४, जे मीटरने पहिल्या दिवशीच दाखवले होते. हा मेळ बसल्यावर माझा सगळ्या आकड्यांवर विश्वास बसला.

१२ जानेवारी

चौथा काढून पहिल्या तिघांच्याच पाकिटातला, तेवढाच वापरलेला सेल बसवला: १.५१ व्होल्ट, ०.३० ओहम. आता E ६.०४, एकूण रोध १.४५. करंट १.१५, बोर्डावर ४.३७ व्होल्ट. गाडी सुरू झाली, रीसेट नाही. पण ०.०७ व्होल्टची सवड म्हणजे काहीच नाही. सेल थोडे वापरले गेले की r वाढणार आणि अडचण परत येणार. थंडीतही r वाढतो. प्रत्यक्षात संध्याकाळपर्यंत दोनदा रीसेट झालाच.

मग होल्डरकडे वळलो. स्प्रिंगांवरची काळपट पुटे बारीक पॉलिश पेपरने काढली, दोन्ही टोकांच्या केसासारख्या तारा काढून जाड तारा डाख देऊन जोडल्या. रोध ०.२५ वरून ०.१० वर आला. हिशोबाने ४.५० व्होल्ट. एका सेलच्या निम्म्या रोधाएवढा फायदा केवळ सफाईने मिळाला.

काढलेला सेल कमी करंटच्या कामाला, भिंतीवरच्या घड्याळाला, अजून चालेल. गाडीत तो इतरांबरोबर ठेवण्यात दुसराही धोका होता. सिरीजमध्ये कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून उलट्या दिशेने व्होल्टेज रेटतात. असे सेल गळतात.

१४ जानेवारी

चार्ज करता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल मोजले. चार्ज करून, विश्रांती देऊन, मोकळे १.३०० व्होल्ट. ३.३ ओहमवर फरक जेमतेम बारा मिलिव्होल्टचा पडला, म्हणून १ ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर घेतला. करंट १.१२ अँपिअर, सेलवर १.२६६. r = ०.०३४ ÷ १.१२ = ०.०३ ओहम. अल्कलाइनच्या एक दशांश.

इथे प्रोब सेलवरच टेकवणे फारच गरजेचे आहे. होल्डरचा ०.१३ ओहम मिसळला असता तर उत्तर पाचपट आले असते.

गाडीचा हिशोब: E = ५.२०, सेलांचा रोध ०.१२, होल्डर ०.१०. करंट = ५.२० ÷ ४.०२ = १.२९. बोर्डावर ४.९२ व्होल्ट.

मोकळे व्होल्टेज अल्कलाइनपेक्षा ०.८४ ने कमी, आणि मोटार सुरू होतानाचे ०.४ ने जास्त. गाडी त्यांच्यावर चालवली. मोटार वारंवार चालू-बंद केली, चाक हाताने क्षणभर अडवूनही पाहिले. रीसेट झाला नाही.

एक लक्षात ठेवायचे: धावताना, ०.३ अँपिअरवर, या सेलांवर ५.१३ व्होल्ट आहेत आणि अल्कलाइनवर ५.६५. म्हणजे मोटार अल्कलाइनवर थोडी वेगाने फिरते. या गाडीला तो वेग नको आहे, म्हणून हेच सेल ठेवले. दर काही चार्जनंतर १ ओहमवर चौघांचा r पुन्हा मोजून याच वहीत उतरवणार आहे. एकाचा r बाकीच्यांच्या दुप्पट झाला की तो सेल बदलायचा.